जुन्या गिऱ्हाइकाची छोटी गोष्ट, सायकलच्या सर्व्हिसिंगसाठी: पोस्ट कशी लिहावी

सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पोस्ट बहुतेक वेळा अशी असते: ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या सायकलींचे सर्व्हिसिंग योग्य दरात करून मिळेल. एकदा अवश्य भेट द्या.’ यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याची सायकल जिन्याखाली उभी असते, रोज चालत असते, आणि तिला सर्व्हिसिंगची गरज आहे हे त्याला या वाक्यातून कळायला मार्ग नसतो. पंक्चर झालेला माणूस पोस्ट न वाचताही सायकल ढकलत दुकानात येतो. सर्व्हिसिंगच्या गिऱ्हाइकाचं तसं नसतं. त्याची सायकल बंद पडलेली नसते, हळूहळू बिघडत गेलेली असते. रोज तीच चालवत असल्यामुळे फरक त्याच्या लक्षात येत नाही.

एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची शंभर-सव्वाशे शब्दांची गोष्ट इथे कामाला येते, पण एका अटीवर. गोष्टीत एकच बिघाड असावा, आणि तो बिघाड वाचकाला घरी, हत्यार न लावता, आपल्या सायकलवर तपासता यावा. वाचकाने तपासून पाहिलं की विकण्याचं काम बरंचसं तिथेच होतं, आग्रह करावा लागत नाही. पुढे एकच नमुना घेऊन हे कसं करायचं ते सांगतो. पुण्यातल्या एखाद्या पेठेतलं छोटं दुकान धरू, गिऱ्हाईक म्हणून निवृत्त शिक्षक, आणि त्यांची काळी, मोठ्या चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची सायकल.

आधी बिघाड निवडा, गिऱ्हाईक नंतर

बहुतेक जण उलटं करतात. एखादे आवडते गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणतात आणि त्यांच्यावर लिहायला बसतात. मग गोष्ट त्या माणसाच्या स्वभावाची होते आणि सर्व्हिसिंग शेवटी शिवून लावल्यासारखं दिसतं. आधी स्वतःला विचारा की सर्व्हिसिंगमध्ये आपण जे करतो त्यातलं काय डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं किंवा हाताला लागतं. चेनला तेल देणं गरजेचं आहे, पण त्यात दाखवण्यासारखं फारसं नाही. ब्रेकचे रबर बदलणंही तसंच. पुढच्या चाकाचा एक्सल मात्र गोष्टीसाठी उत्तम, कारण तो बिघडला आहे की नाही हे कुणालाही अर्ध्या मिनिटात कळतं.

पुढच्या चाकाच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना छर्रे असतात. साध्या सायकलला बहुतेक करून एका बाजूला १० छर्रे, ३/१६ इंचाचे. ते एका बाजूने हबच्या वाटीवर आणि दुसऱ्या बाजूने एक्सलवर चढवलेल्या कोनावर फिरतात. मध्ये ग्रीस असतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून सायकल गेली, किंवा धुताना हबवर जोरात पाइप मारला, की पाणी आत शिरतं. ग्रीस आधी पांढुरकं होतं, मग गंज मिसळून तांबूस, आणि काही महिन्यांनी वाळून घट्ट होतं. छर्रे घरंगळण्याऐवजी घासायला लागतात. चालवणाऱ्याला सायकल किंचित जड लागते, पण हे इतकं सावकाश होतं की तो दोष वाऱ्याला देतो, रस्त्याला देतो, किंवा आपल्या वयाला.

या शेवटच्या शब्दात गोष्ट आहे. जुनी गिऱ्हाइकं ‘आता वय झालं’ असं म्हणत सायकल आणतात, आणि कित्येकदा खरं कारण हबमध्ये सापडतं.

तपासणी आधी स्वतःच्या हाताने करून बघा

पोस्टमध्ये ही तपासणी एका वाक्यात येणार आहे. पण त्या वाक्यामागचं सगळं लिहिणाऱ्याला माहीत हवं, कारण पोस्ट वाचून लोक दुकानात येऊन तेच विचारणार आहेत.

हँडल धरून सायकलचं पुढचं चाक जमिनीपासून वीतभर उचलायचं आणि दुसऱ्या हाताने चाकाला एक बेताचा झटका द्यायचा. हब चांगला असेल तर चाक बराच वेळ फिरतं, हळूहळू मंद होतं, आणि थांबण्याआधी एक गंमत करतं: वॉल्वची बाजू जड असल्याने ती खाली येऊन किंचित पुढे जाते, परत मागे येते, पुन्हा पुढे, आणि मग स्थिरावते. हे झोके दिसले की एक्सल मोकळा आहे असं समजावं. चाक दोन-चार फेऱ्यांत खटकन थांबलं आणि उलटं फिरलंच नाही, तर कुठेतरी अडतंय.

अडतंय ते ब्रेकमुळे की एक्सलमुळे, हे वेगळं करावं लागतं. फिरताना घस्-घस् आवाज येत असेल तर आधी ब्रेककडे बघा. दांड्यांच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला, तारांकडच्या अंगाला लागतात, केबलच्या ब्रेकचे रबर रिमच्या दोन्ही कडांना. एका फेरीत एकदाच आवाज येत असेल तर रिम आउट आहे. सारखा येत असेल तर रबर चिकटून बसलं आहे. रबर आणि रिम यांच्यात सगळीकडे फट दिसते आणि तरीही चाक थांबतं, तर बिघाड एक्सलमध्ये. अशा वेळी हँडल धरलेल्या हाताला बारीक खरखरही जाणवते.

उलट बिघाडही असतो. चाक छान फिरतं, पण रिम धरून आडवं हलवलं की टक-टक करतं. तेव्हा कोन सैल झालेला असतो. हे दोन्ही एकाच पोस्टमध्ये लिहू नका. वाचकाच्या हातात एकच खूण द्या.

एक मर्यादा लक्षात ठेवा. चाक हवेत छान फिरलं याचा अर्थ सायकल हलकी असेलच असा नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि रस्त्यावर मात्र जड जातं. तसं कुणी विचारलं तर सरळ सांगा, ‘आधी हवा भरून बघा, मग आणा.’ त्या दिवशीचं एक सर्व्हिसिंग जाईल, पण तो माणूस पुढच्या वेळी तुमच्याचकडे येईल.

गिऱ्हाइकाकडून काय टिपून ठेवायचं

बिघाड ठरला की तसा बिघाड घेऊन आलेलं जुनं गिऱ्हाईक आठवा, किंवा पुढचं येईपर्यंत थांबा. गोष्ट घडलेलीच हवी. पेठेत सगळे एकमेकांना ओळखतात आणि रचलेला माणूस लोकांना लगेच कळतो. सायकल दुकानात असतानाच चार गोष्टी वहीत टिपा: आल्यावर ते काय म्हणाले, तुम्ही पहिल्यांदा हात कुठे लावला, उघडल्यावर आत काय निघालं, आणि जाताना ते काय म्हणाले. पहिलं आणि शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत हवं. आठवत नसेल तर संवाद घालूच नका, तुम्ही स्वतः तयार केलेलं वाक्य त्यांच्या नावावर टाकणं बरं नाही.

फोटोही याच वेळी काढायचा. एक्सल उघडल्यावर, धुण्याच्या आधी. डिझेलने धुतल्यावर छर्रे चकचकीत होतात आणि दाखवायला काही उरत नाही. जुन्या वर्तमानपत्रावर छर्रे, कोन आणि ते तांबूस ग्रीस जसं निघालं तसं ठेवून वरून एक फोटो घ्या. कोनावर खड्डे पडले असतील तर तो उजेडाकडे तिरपा धरा, म्हणजे छर्ऱ्यांच्या वाटेवरचे बारीक टवके दिसतात. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचा फोटो नको. चेहरा दिसला की वाचक माणसाकडे बघतो, चाकाकडे बघत नाही.

आणि परवानगी. लिहून झाल्यावर त्यांना पूर्ण वाचून दाखवा. नाव, गल्ली, शाळा यांतलं काही नसलं तरी सायकलीवरून त्यांना ओळखणारे निघतातच. ‘नको’ म्हणाले तर विषय तिथेच सोडा, दुसरं गिऱ्हाईक शोधा.

पहिला मसुदा कसा बिघडतो

बहुतेकांचा पहिला मसुदा साधारण असा उतरतो:

‘आमचे जुने ग्राहक, आदरणीय सर, गेली अनेक वर्षे आमच्यावर विश्वास ठेवून आहेत. या वयातही सायकल चालवणारे सर म्हणजे चैतन्याचा झराच! परवा सर आले आणि म्हणाले, सायकल बरोबर चालत नाही. आम्ही संपूर्ण सर्व्हिसिंग करून दिले आणि काय आश्चर्य, सायकल नव्यासारखी पळू लागली! सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद हीच आमची कमाई. तुम्हीही आजच या!’

लिहिणाऱ्याच्या मनात सरांबद्दल खरोखर आदर आहे, आणि तरीही वाचकाला यातून काही मिळत नाही. ‘बरोबर चालत नाही’ म्हणजे काय होत होतं? ‘संपूर्ण सर्व्हिसिंग’मध्ये नेमकं काय केलं? ‘नव्यासारखी’ हे कशावरून ठरवलं? तिन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसणारी गोष्ट हवी होती, तिथे विशेषणं बसली आहेत. शेवटच्या वाक्यात वाचकाला बोलावलं आहे, पण त्याने यावं असं कारण आधीच्या ओळींत कुठेच नाही. सरांचं कौतुक वाचून लोक नमस्काराचा हात टाकतील आणि पुढे सरकतील.

दुसरा मसुदा

आता तोच प्रसंग, बिघाड मध्ये ठेवून. ही गोष्ट मी नमुन्यासाठी बेतली आहे. तुमची तुमच्या वहीतून यायला हवी.

‘सर परवा सायकल हातात धरूनच आले. म्हणाले, “मंडईतून येताना दम लागतो रे. वय झालं, आता विकून टाकावी म्हणतो.”

मी पुढचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. दोन फेऱ्यांत खटकन थांबलं.

एक्सल उघडला. छर्ऱ्यांना ग्रीस नव्हतंच, तांबूस चिखल होता. पावसाळ्यातला.

सगळं धुतलं, छर्रे नवे टाकले, ग्रीस भरलं, कोन बेताने आवळला. पुन्हा फिरवलं. चाक फिरत राहिलं, मंद झालं, वॉल्वच्या वजनाने जरा उलटं आलं, पुन्हा सुलटं, मग थांबलं.

सर बघत होते. म्हणाले, “मागचंही बघ.”

तुमच्या सायकलचं पुढचं चाक उचलून एकदा फिरवून बघा. खटकन थांबलं तर घेऊन या. दोन्ही एक्सल, चेन, ब्रेक मिळून ३५० रुपये. सकाळी द्या, संध्याकाळी न्या. सुटे भाग बदलावे लागले तर आधी दाखवू, तुम्ही हो म्हणालात तरच बदलू.’

३५० हा आकडा उदाहरणापुरता, तुमचा दर तुम्ही घाला. पण आकडा घालाच. ‘योग्य दर’ वाचून माणूस अंदाज करत बसतो, आणि अंदाज नेहमी जास्तीचा होतो.

यातल्या दोन-तीन निवडींमागचं कारण सांगतो. ‘वय झालं’ याला दुकानदार उत्तर देत नाही. ‘सर, तुम्ही कुठले म्हातारे’ असं काही म्हणत नाही, ‘पाहिलंत, वय नव्हे, एक्सल होता’ असंही नाही. चाक थांबतं, मग फिरतं, आणि वाचक स्वतःच जोडून घेतो. हे बोलून दाखवलं तर गोष्टीतली निम्मी ताकद जाते. शिवाय तसं म्हणणं खरंही नसेल. दम लागण्याला दुसरं कारण असू शकतं. म्हणूनच ‘गुडघे दुखायचे थांबले’, ‘दम लागत नाही’ अशी वाक्यं पोस्टमध्ये घालू नका. तुम्ही चाकाची हमी देऊ शकता, तब्येतीची नाही.

विक्री खरी होते ती ‘मागचंही बघ’ या ठिकाणी. गिऱ्हाईक स्वतः पुढचं काम मागतं, तेही कौतुकाचा एक शब्द न बोलता. तुमच्या गोष्टीत असं वाक्य नसेल तर ओढून आणू नका. सर पैसे देऊन निघून गेले असतील तर ‘सर सायकलवर बसून गेले’ एवढं पुरतं, कारण आले होते ते सायकल हातात धरून.

‘कोन बेताने आवळला’ हे एकच तांत्रिक वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. कोन फार आवळला तर चाक पुन्हा अडतं, सैल ठेवला तर टक-टक करतं. चेक नट आवळताना कोनही थोडा फिरतो, त्यामुळे आधी किंचित सैल ठेवून नट आवळायचा, मग चाक फिरवून आणि आडवं हलवून बघायचं, गरज पडली तर पुन्हा सोडायचं. हे सगळं पोस्टमध्ये लिहिलं तर गोष्ट मरते. ‘बेताने’ या शब्दात जाणकाराला ते सगळं ऐकू येतं, आणि बाकीच्यांना इतकं कळतं की हे घाईने करायचं काम नाही.

शेवटच्या ओळीत सुट्या भागांचा उल्लेख आहे, तो गाळू नका. कोनावर टवके पडले असतील तर नवं ग्रीस भरूनही खरखर जात नाही, कोन आणि छर्रे बदलावेच लागतात. हबची वाटीच खराब झाली असेल तर बहुधा हब बदलावा लागतो, आणि ते काम ३५० रुपयांत बसत नाही. हे दुकानात आल्यावर पहिल्यांदा कळलं तर गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटतं.

कधी टाकायची

पाऊस ओसरल्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस या गोष्टीसाठी सर्वांत चांगले. चार महिन्यांचं पाणी हबमध्ये गेलेलं असतं, आणि खंडेनवमी-दसऱ्याला घरोघरी सायकल धुऊन, पुसून, हार घालून पुजायची असते. पूजेसाठी सायकल बाहेर काढणारा माणूस चाक फिरवून बघायला सहज तयार होतो. दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी पोस्ट टाका, अगदी आदल्या दिवशी टाकली तर तुम्हालाच काम उरकणार नाही. जूनमध्ये शाळा उघडताना हीच गोष्ट चालणार नाही. तेव्हा मुलांच्या सायकली येतात, आणि त्यांचे बिघाड बहुतेक ब्रेकचे आणि सीटच्या उंचीचे असतात, त्यासाठी दुसरं गिऱ्हाईक आणि दुसरी खूण शोधावी लागेल.

पोस्ट टाकल्यावर

लोक आपापल्या चाकाचं सांगायला लागतील. कुणी विचारेल, ‘माझी गिअरची सायकल आहे, तिला चालेल का?’ बऱ्याच नव्या सायकलींच्या हबमध्ये बंद बेअरिंग असतं. त्यात ग्रीस भरायचं नसतं, खरखर आली की अख्खं बेअरिंग बदलतात. तेव्हा ‘आणा, बघून सांगतो’ असं म्हणा, ३५० रुपयांत होईल असा शब्द देऊ नका. कुणी म्हणेल, ‘फक्त पुढचंच चाक करून द्या.’ त्याचा दर आधी ठरवून ठेवा, नाहीतर दोन गिऱ्हाइकांना दोन आकडे सांगितले जातात आणि पेठेत ते लपत नाही.

सायकल घेऊन कुणी आलं की ती आत नेण्याआधी त्याच्यासमोर चाक उचलून फिरवा. काम झाल्यावर पुन्हा त्याच्यासमोर फिरवा. पोस्टमध्ये जे वाचलं ते त्याला आपल्या सायकलवर दिसलं पाहिजे. आणि संध्याकाळी देण्याचा शब्द पाळता येईल इतक्याच सायकली सकाळी घ्या, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ सांगा.

पोस्ट लागू पडली की नाही, हे आलेल्या उत्तरांवरून कळतं. ‘माझं तीनच फेरे फिरलं’, ‘आवाज येतो, ब्रेक का?’ अशी उत्तरं आली तर लोकांनी चाक उचललं. नुसते ‘सरांना नमस्कार’ आले, तर वाचकाच्या मनात सर राहिले आणि चाक निसटलं. तेव्हा सरांच्या पहिल्या वाक्यातला एखादा तपशील कमी करा, चाक थांबण्याची ओळ अगदी पहिल्यांदा आणा, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट त्या क्रमाने लिहा.